पहाटे माती कोरडी, दुपारी ओली: ओलाव्याचं रीडिंग बॅटरीबरोबर हलतंय का ते आधी बघा

तक्रार नेहमी एकाच सुरात येते. आर्डुइनोला कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर जोडला, घरात कॅलिब्रेट केला, शेतात लावला. पहिले दोन दिवस सगळं ठीक. मग आकडे रोज एक झोका घ्यायला लागतात. संध्याकाळपासून माती सुकत जाते, पहाटे सर्वात कोरडी दिसते आणि ऊन वर आलं की पाणी न देताच पुन्हा ओली होते. खरी माती असं कधी करत नाही. पीक पाणी ओढतं ते दिवसा, आणि रात्री मुळांजवळचा ओलावा स्थिर राहतो किंवा खालून किंचित वाढतो. त्यामुळे आलेख उलटा दिसला की तो मातीचा नाही, एवढं तिथेच ठरतं.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. भाजीच्या छोट्या तुकड्यात तीन सेन्सर होते. ३.३ व्होल्टचा, ८ मेगाहर्ट्‌झचा प्रो मिनी, एनआरएफ२४ रेडिओ, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला एक १८६५० लिथियम सेल आणि तो चार्ज करायला लहानसं सोलर पॅनल. सेल थेट प्रो मिनीच्या व्हीसीसी पिनवर दिला होता, रेडिओला मात्र स्वतंत्र ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर होता. रोज सकाळी सहाला मी आकडा बघायचो आणि ३५ टक्क्यांच्या खाली असला की ठिबक सोडायचो. पंधरा दिवस जवळपास रोज सोडलं. खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा खुरप्याने उकरून पाहिलं. मातीचा गोळा मुठीत सहज वळत होता, बोटांना चिखल लागत होता, आणि त्याच क्षणी स्क्रीनवर ३३ टक्के लिहिलेलं होतं.

सेन्सर बदलून पाहिला, फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण सेन्सर बरोबर सांगत होता. चुकीची होती ती त्याला मोजणारी पट्टी.

पट्टी कशी आखडते

या स्वस्त सेन्सरवर बहुधा ३.३ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर असतो. बॅटरी ४.१ व्होल्ट असो की ३.६, आतल्या ५५५ टायमरला ३.३ व्होल्टच मिळतात. म्हणून मातीत बदल झाला नाही तर सेन्सरच्या बाहेर येणारं व्होल्टेजही बदलत नाही. माझ्या त्या सेन्सरचं ते २.०० व्होल्ट होतं, पहाटेही आणि दुपारीही.

पण `analogRead` व्होल्ट सांगत नाही. ते सांगतं की आलेलं व्होल्टेज आर्डुइनोच्या स्वतःच्या पुरवठ्याच्या किती हिश्शाएवढं आहे, आणि तो हिस्सा ० ते १०२३ मध्ये मांडतं. पुरवठा खाली गेला की तेच २.०० व्होल्ट मोठा हिस्सा ठरतात.

```
4.10 V:  2.00 / 4.10 * 1023 = 499
3.60 V:  2.00 / 3.60 * 1023 = 568
```

कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये मोठा आकडा म्हणजे कोरडी माती. सेल भरलेला असताना मी हवेत ६८६ आणि पाण्यात ३२४ अशी दोन टोकं घेतली होती. त्या मापाने ४९९ म्हणजे ५२ टक्के आणि ५६८ म्हणजे ३३ टक्के. मातीतला एक थेंबही न हलता १९ टक्क्यांचा फरक पडला. सेल पहाटे सर्वात उतरलेला असतो, आणि मी आकडा नेमका तेव्हाच बघत होतो.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त आढळतं. कॅलिब्रेशन लॅपटॉपच्या यूएसबीवर करायचं आणि शेतात बॅटरीवर चालवायचं. यूएसबीवर बोर्डाला पाचच्या आसपास व्होल्ट मिळतात, बॅटरीवर चार. इथे झोकाही दिसत नाही, पहिल्या दिवसापासून सगळेच आकडे कोरड्याच्या बाजूला सरकलेले असतात आणि माणूस मातीला दोष देत बसतो.

खात्री करायची ती बरणीत

झाकणाची बरणी घ्या, शेतातलीच ओलसर माती दाबून भरा, सेन्सर रोवा, झाकणाला वायरीपुरतं भोक पाडून ते मेणाने बंद करा. आता आतलं पाणी कुठे जाणार नाही. बरणी घरात सावलीत ठेवून दोन दिवस शेतातल्याच बॅटरीवर चालवा, आणि प्रत्येक रीडिंगबरोबर पुरवठ्याचं व्होल्टेजही नोंदवा. मग तोच सेट एक दिवस यूएसबीवर चालवा. घरातलं तापमान फारसं हलत नाही, त्यामुळे बॅटरीवर आकडा चढला आणि यूएसबीवर स्थिर राहिला तर गुन्हेगार सापडला. शेतात हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण तिथे ऊन आलं की तापमान आणि बॅटरी दोन्ही एकदमच वर जातात.

मल्टीमीटर असेल तर याहून लवकर कळतं. सेन्सरच्या आउटपुट पिनवर सकाळी आणि दुपारी व्होल्टेज मोजा. ते जागेवर आहे आणि `analogRead` मात्र हललंय, म्हणजे पट्टीचा दोष. ते व्होल्टेजच हललंय, तर दुखणं सेन्सरमध्ये किंवा मातीत आहे. त्याकडे शेवटी येतो.

दुरुस्तीआधी सेन्सर उलटून बघा

या पायरीवर घाई केली तर दुरुस्तीनेच बिघाड वाढतो. एकसारख्या दिसणाऱ्या या सेन्सरचे आतून बरेच प्रकार निघतात, आणि तीन गोष्टी तपासल्याशिवाय मी आता एकही सेन्सर शेतात नेत नाही.

पहिली, रेग्युलेटर खरंच आहे का. बोर्डाला ४ ते ५ व्होल्ट देऊन ५५५ चिपच्या ८ क्रमांकाच्या पायावर मोजा. ३.३ आले तर आहे. दिलेलं व्होल्टेज जसंच्या तसं आलं तर त्या जागी नुसती जोडणी आहे. अशा सेन्सरचं आउटपुट पुरवठ्याबरोबर खालीवर होतं, आणि `analogRead` चा हिस्सा साधारण टिकून राहतो. त्यावर खाली दिलेली व्होल्टेज दुरुस्ती लावली तर बऱ्यापैकी बरोबर असलेला आकडा तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवाल.

दुसरी, चिप कोणती आहे. टीएलसी५५५ कमी व्होल्टेजवर चालते. काही बोर्डांवर जुनी एनई५५५ असते आणि तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात. ३.३ वर ती कधी चालते, कधी अडखळते. असा सेन्सर बॅटरीच्या कामाचा नाही, बाजूला ठेवा.

तिसरी, आउटपुट आणि ग्राउंड यांच्यात १ मेगाओहमचा रोध असायला हवा. काही बोर्डांवर तो बसवलेला असतो, पण त्याचं ग्राउंडकडचं टोक जोडलेलंच नसतं. मग आउटपुटवरचा कपॅसिटर रिकामा व्हायला वाट मिळत नाही. ओळख सोपी आहे. सेन्सर हवेतून पाण्याच्या ग्लासात बुडवा. आकडा सेकंदभरात खाली येऊन थांबला पाहिजे. मिनिटभर हळूहळू उतरत राहिला तर तो रोध तुटका आहे. आउटपुट पिन ते ग्राउंड १ मेगाओहमचा रोध बाहेरून डकवला की काम होतं.

दोन वाटा

रेग्युलेटर आहे, चिप चांगली आहे आणि सेट आधीच शेतात उभा आहे, तर फक्त कोड बदलून भागतं. एटीमेगा३२८पी मध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो, तो पुरवठ्याबरोबर हलत नाही. पुरवठ्याच्या पट्टीवर हा संदर्भ किती दिसतो ते मोजलं की उलट गणिताने पुरवठा कळतो.

```
long readVcc() {
  ADMUX = _BV(REFS0) | _BV(MUX3) | _BV(MUX2) | _BV(MUX1);
  delay(5);
  ADCSRA |= _BV(ADSC);
  while (bit_is_set(ADCSRA, ADSC));
  return 1125300L / ADC;   // mV
}

long vcc = readVcc();
analogRead(A0);            // पहिलं रीडिंग टाकून द्या
long mv = analogRead(A0) * vcc / 1023;
```

यातला 1125300 हा आकडा १.१ × १०२३ × १००० यातून आलाय. पण हा १.१ नावापुरता आहे, प्रत्येक चिपमध्ये तो १.० ते १.२ च्या मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून एकदा मल्टीमीटरने खरा पुरवठा मोजा. माझ्या बोर्डावर कोड ३९२० सांगत होता आणि मीटर ४०८०. मग 1125300 ला ४०८० ने गुणून ३९२० ने भागलं आणि त्या बोर्डासाठी 1171200 कायम केला. बोर्ड बदलला की हे पुन्हा करायचं.

यापुढे सगळा हिशोब मिलिव्होल्टमध्ये ठेवा, कॅलिब्रेशनसुद्धा. ०–१०२३ चा आकडा वहीत लिहायचाच नाही, कारण तो कोणत्या पुरवठ्यावर घेतला हे महिन्याने कोणालाच आठवत नसतं. आणि पुरवठा ३.५ व्होल्टच्या खाली गेला की रीडिंग नोंदवू नका. तिथून पुढे सेन्सरवरचा रेग्युलेटरच ३.३ धरून ठेवू शकत नाही, आणि मग दुरुस्तीचा पायाच राहत नाही.

नवीन सेट करत असाल तर मी दुसरी वाट सुचवेन. सेल आणि बाकी सगळं यांच्या मध्ये एमसीपी१७०० हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर बसवा, आणि आर्डुइनो, सेन्सर, रेडिओ सगळे त्याच्याच पुढे घ्या. हा रेग्युलेटर स्वतः दोन मायक्रोअँपिअरहून कमी खातो. डेटाशीटप्रमाणे त्याच्या आत आणि बाहेर एकेक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर रेडिओ सुरू होताना पुरवठा थरथरतो. आता पट्टीही स्थिर आणि सेन्सरचा पुरवठाही स्थिर. सेन्सरवर रेग्युलेटर आहे की नाही हा प्रश्नही उरत नाही. अट एवढीच की चिप टीएलसी५५५ हवी आणि कॅलिब्रेशन याच पुरवठ्यावर नव्याने करायला हवं. `readVcc` काढू नका. ते ३२५० च्या खाली दिसलं की सेल संपत आलाय, ही खबर फुकट मिळते.

सेल रात्रीत एवढा उतरतोच का

खरं मूळ इथे होतं. माझ्या सेटमध्ये तीन सेन्सर चोवीस तास चालू होते, प्रत्येकी साधारण ५ मिलिअँपिअर. रेडिओ सतत ऐकत बसलेला, साधारण १३. बोर्ड कधी झोपत नव्हता, त्याचे ६. मिळून ३४ मिलिअँपिअर. सूर्य नसलेल्या १३ तासांत ४४० मिलिअँपिअर-तास जातात, आणि जुन्या सेलमध्ये सगळे मिळून ८०० उरले असतील. तो ४.१ वरून ३.६ वर आला तर नवल काय! मी मोठं पॅनल घ्यायला निघालो होतो. गरज होती ती खर्च कमी करण्याची.

सेन्सरला सतत वीज लागत नाही. प्रत्येक सेन्सरचा पुरवठा आर्डुइनोच्या एकेका डिजिटल पिनवरून द्या. ५ मिलिअँपिअर पिन आरामात देते. तिन्ही एका पिनवर टाकण्याचा मोह टाळा, कारण १५ मिलिअँपिअर ओढले की पिनवरचं व्होल्टेजच लक्षणीय पडतं आणि कमी पुरवठ्याचं दुखणं मागच्या दाराने परत येतं. एक सेन्सर चालू करा, अर्धा सेकंद थांबा, दहा रीडिंगांची सरासरी घ्या, बंद करा, मग पुढचा. तिन्ही झाल्यावरच रेडिओ जागा करा. आधी रेडिओ आणि मग माप असं केलं तर प्रसारणाच्या ओढीने दबलेल्या पुरवठ्यावर माप घेतलं जातं. पिनवरून पुरवठा दिला की ०.१–०.२ व्होल्ट पिनमध्येच जातात, म्हणून कॅलिब्रेशनही पिनवरूनच करा.

उरलेला वेळ झोप. `LowPower` लायब्ररीतली ही ओळ २२५ वेळा फिरवली की सुमारे अर्धा तास होतो.

```
for (int i = 0; i < 225; i++)
  LowPower.powerDown(SLEEP_8S, ADC_OFF, BOD_OFF);
```

वॉचडॉगचं घड्याळ कच्चं असतं, अर्ध्या तासात दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे होतात. ओलाव्याला त्याने काही बिघडत नाही. मात्र झोपण्याआधी रेडिओलाही पॉवर डाउनमध्ये घाला, आणि बोर्डावरचा पॉवरचा एलईडी उकरून काढा. हा एवढासा दिवा एक-दोन मिलिअँपिअर खात राहतो, म्हणजे झोपलेल्या चिपच्या शेकडो पट. एमसीपी१७०० बाहेर लावलाय तर बोर्डावरचा रेग्युलेटरही काढून टाका. त्यानंतर झोपेतला खर्च १० मायक्रोअँपिअरच्या घरात येतो. दिवसाला ०.२४ मिलिअँपिअर-तास झोपेचे, आणि ४८ वेळा दोन सेकंद १२ मिलिअँपिअर धरले तर ०.३२ जागेपणीचे. रेडिओचा थोडा भर धरूनही दिवसाचा खर्च एका मिलिअँपिअर-तासाच्या आत राहतो. आधी तो ८१६ होता.

माझ्या सेटमधून पॅनल निघून गेलं. सेल महिनोन्‌महिने चालतो, त्याचं व्होल्टेज रोज झोके घेत नाही आणि पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याशी जुळतो. ऊनो वापरणाऱ्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं की त्याची यूएसबी चिप आणि रेग्युलेटर मिळून बोर्ड ४५-५० मिलिअँपिअर खातो आणि झोपवूनही तो फारसा खाली येत नाही. तो टेबलावर शिकायला उत्तम, बॅटरीवर शेतात नको.

आता कॅलिब्रेशन, योग्य क्रमाने

आधी सेन्सरची वरची कड आणि कापलेल्या बाजू इपॉक्सीने किंवा नेलपॉलिशच्या दोन-तीन थरांनी बंद करा. वरचे भाग उघडे असतात, आणि बोर्डाच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं. लेप वाळल्यावरच कॅलिब्रेट करायचं, कारण लेपाने आकडा बदलतो.

हवा आणि पाणी ही दोन टोकं सेन्सर जिवंत आहे का ते तपासायला ठीक आहेत. त्यांच्यामधली टक्केवारी म्हणजे मातीतलं पाणी नव्हे. माझं २.०० व्होल्ट त्या मापावर ५२ टक्के होतं. खऱ्या मातीत काय निघालं ते सांगतो. शेतातली माती चाळून ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवली. एक लिटरच्या डब्यात १२०० ग्रॅम दाबून भरली, शेतात ती साधारण तितकीच घट्ट असते. तेच शून्य. मग माती परातीत काढून १०० मिलि पाणी नीट कालवलं, पुन्हा त्याच एक लिटरच्या रेषेपर्यंत दाबली, झाकून रात्रभर ठेवली आणि सकाळी मोजलं. एक लिटरमध्ये १०० मिलि म्हणजे आकारमानाने १० टक्के. असं ४० टक्क्यांपर्यंत गेलो.

```
 0 %  2.60 V
10 %  2.28 V
20 %  1.93 V
30 %  1.68 V
40 %  1.55 V
```

हे माझ्या मातीचे आणि माझ्या एका सेन्सरचे आकडे आहेत, उतरवून घेऊ नका. त्यातून बघायचं ते वळण. सुरुवातीला दर १० टक्क्यांना ०.३ व्होल्टच्या वर फरक पडतो, शेवटी ०.१३ च. म्हणून दोन टोकांतून सरळ रेष ओढली तर मधलं सगळं चुकतं. कोडमध्ये हे पाच बिंदू ठेवून जवळच्या दोहोंमध्ये प्रमाण काढा. २.०० व्होल्ट तसं मोजलं तर १८ टक्के येतं.

ओव्हनचा खटाटोप जमत नसेल तर निदान एक बिंदू शेतातच घ्या. भरपूर पाणी द्या, एक-दोन दिवस थांबा, आणि वाफसा आला की त्या वेळचे मिलिव्होल्ट लिहून ठेवा. माझ्याकडे ते १.८३ व्होल्ट, म्हणजे वरच्या तक्त्याने सुमारे २४ टक्के. पाण्याची पाळी ठरवताना मला खरं तर याच आकड्याचा उपयोग होतो. वाफशाच्या किती वर व्होल्टेज गेल्यावर पाणी सोडायचं हे पिकावर आणि मातीवर आहे. ते दोन-चार पाळ्या हाताने उकरून, आकड्याशेजारी लिहून ठरवावं लागतं.

हे सगळं करूनही हललं तर

आउटपुटचे मिलिव्होल्टच हलत असतील तर तीन ठिकाणी बघा. रोज ठरावीक वेळी थोडासा, दहावीस मिलिव्होल्टचा झोका असेल तर तो बहुधा तापमानाचा आहे. रोजचं एकच रीडिंग सूर्योदयाआधी घ्या, तेव्हा माती आणि बोर्ड दोन्ही थंड आणि जवळपास सारखे असतात. आकडा दिवसेंदिवस ओल्याच्या बाजूला सरकत असेल आणि माती सुकल्यावरही परत येत नसेल तर लेप फुटलाय. सेन्सर काढून सावलीत आठवडाभर वाळवा आणि हवेतलं व्होल्टेज जुन्या नोंदीशी ताडून बघा. पाणी दिल्यावर एकदम ओला आणि काही तासांत एकदम कोरडा असं होत असेल तर पात्याशेजारी पोकळी आहे. चिकण माती सुकताना सेन्सरपासून सुटते, आणि मग तो मातीऐवजी भेगेतली हवा मोजतो. पातं काढा, तिथलीच माती पाण्यात कालवून तिचा लगदा भोकात ओता आणि पातं पुन्हा रोवा. दोन पाळ्या होईपर्यंत त्या आकड्यावर पाणी सोडू नका.